पाऊणशे शब्दांचं वाक्य आणि वीस गाठी

व्याकरणाची एकही चूक नसलेलं वाक्य दुरुस्त करणं फार अवघड असतं. चूक असली की लाल पेन तिथे टेकवता येतो. ज्यात सगळं बरोबर आहे आणि तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही, अशा वाक्याशी भांडायला सुरुवात कुठून करायची? माझ्या भाचीने फ्रेंचमध्ये लिहिलेलं असंच एक वाक्य गेल्या हंगामात माझ्यापुढे आलं, त्याची ही हकीकत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. काळी जमीन, सगळीकडे पऱ्हाटी. मी नागपूरला बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं आणि आता गावी राहते. भाचीही फ्रेंच शिकली, बी-टू परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाच्या कार्यालयात कामाला लागली. गटाची रुई फ्रान्समधला एक खरेदीदार घेतो, त्याच्याशी पत्रव्यवहार तिच्याकडे. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. बोंडं फुटलेली होती, दुसरा वेचा शेतातच उभा होता, आणि तो भिजला. भिजलेला कापूस उशिरा वेचला, वाळवला, जिनिंगला नेला, गाठी बांधल्या आणि जानेवारीत माल रवाना झाला. तिथे पोचल्यावर रंग नमुन्यासारखा नाही, अशी तक्रार आली. तिचं उत्तर भाचीने लिहिलं, आणि सगळं उत्तर एका वाक्यात बसवलं.

ते वाक्य उच्चाराप्रमाणे देवनागरीत असं होतं:

"ल कोतों क नू वू-झाव्हों आंव्वाये आं जांव्हिए, दों उन पार्ती आ एते कयी आप्रे ले प्लुई की सों तोंबे फॅं नोव्हांब्र, आलोर क ले काप्स्युल एते देजा उव्हेर्त, स की आ ओग्मांते सों-न्युमिदिते, ब्यॅं क नू लेयों फे सेशे आव्हां लेग्रनाज, आ उन कुलर म्वॅं ब्लांश क सेल द लेशांतियों क वू-झाव्हिए आप्रुव्हे, रेझों पूर लाकेल नू वू प्रोपोझों उन रेद्युक्सियों द प्री, आ कोंदिसियों क वू-झाक्सेप्तिए ल रेस्त द्यु लो."

फ्रेंच न येणाऱ्यांसाठी तोच गुंता मराठीत, शक्य तितका तसाच ठेवून: जानेवारीत आम्ही तुम्हाला पाठवलेला कापूस, ज्याचा काही भाग, नोव्हेंबरअखेर जो पाऊस पडला त्यानंतर, बोंडं आधीच फुटलेली असताना वेचला गेला, ज्यामुळे त्याचा ओलावा वाढला, जरी आम्ही तो जिनिंगआधी वाळवून घेतला तरी, तुम्ही मंजूर केलेल्या नमुन्याच्या रंगापेक्षा कमी पांढऱ्या रंगाचा आहे, या कारणाने आम्ही तुम्हाला किमतीत सूट देऊ करतो, उरलेला माल तुम्ही स्वीकारावा या अटीवर.

"मावशी, याच्यात चुकलं काय ते तं सांग," ती म्हणाली.

"काहीच चुकलं नाही."

"मंग पाठवू?"

"थांब जरा."

चुकलं नव्हतं हे अगदी खरं. 'ब्यॅं क'नंतर क्रियापदाचं स्युब्जोंक्तिफ रूप लागतं, ते तिने लावलं होतं. 'आ कोंदिसियों क'नंतरही तेच लागतं, तेही होतं. 'दों' हे संबंधी सर्वनाम भल्याभल्यांना जमत नाही, तिचं चोख बसलं होतं. बी-टूच्या लेखी परीक्षेत निदान 250 शब्दांचा मजकूर लिहावा लागतो आणि गुंतागुंतीची वाक्यं बांधता येतात की नाही हेही पाहिलं जातं. शिकणारा मग वर्ष-दीड वर्ष एकाच ध्यासाने लिहितो: 'की', 'क', 'दों', 'लाकेल', जमेल तितके जोडशब्द एका वाक्यात बसवायचे. परीक्षकाला ते आवडतं. खरेदीदार मात्र परीक्षक नसतो. त्याला माल ठेवायचा की परत करायचा ते ठरवायचं असतं.

मी तिला म्हटलं, हे वाक्य तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीला पाठव. तिला फ्रेंच येतं, कापसातलं काही कळत नाही आणि ही सगळी भानगडही ठाऊक नाही. एकदाच वाचायचं, परत मागे जायचं नाही, आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: किती माल खराब आहे, तो आत्ता ओला आहे का, आणि पत्र लिहिणाऱ्याचं म्हणणं काय? लेखकाने स्वतः आपलं वाक्य कितीही वेळा वाचलं तरी ही परीक्षा होत नाही, कारण उत्तरं त्याच्या डोक्यात आधीच असतात. तो वाक्य वाचत नाही, आठवतो.

मैत्रिणीचं उत्तर तासाभरात आलं. सगळा माल खराब आहे. हो, ओला आहे, वाळवूनही ओलावा गेला नाही असं दिसतंय. आणि सूट द्यायची तयारी आहे. अट तिच्या लक्षातच राहिली नव्हती.

भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी असं कुठं लिहिलं वं?"

लिहिलं नव्हतं, पण वाक्यातून तेच निघत होतं. कसं, ते पाहायला आम्ही वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवलं आणि प्रधान वाक्याचं क्रियापद शोधलं. माझी पद्धत साधी आहे. 'की', 'क', 'दों', 'आलोर क', 'ब्यॅं क', 'स की' यांपैकी काहीही आलं की तिथून ते गौण वाक्य संपेपर्यंत पेन्सिलीने फिकट रेघ मारायची. रेघ न मारलेलं जे उरतं, ते वाक्याचं खोड. इथे उरलं एवढंच: कापसाचा रंग नमुन्यापेक्षा कमी पांढरा आहे. कर्ता 'ल कोतों' पहिल्याच जागेवर आणि त्याचं क्रियापद, एका अक्षराचं 'आ', चाळीसहून अधिक शब्द ओलांडून पुढे. तोवर वाचणाऱ्याने कर्ता डोक्यात धरून ठेवायचा, आणि वर पाऊस, बोंडं, ओलावा, वाळवण हेही धरून ठेवायचं.

मला वाटतं, आपल्या मराठी कानाला यात काही खटकत नाही, कारण वाट पाहण्याची सवय आपल्याला जन्मापासून असते. आपलं क्रियापद शेवटीच येतं. 'नोव्हेंबरअखेरच्या पावसानंतर वेचलेला, वाळवून जिनिंगला नेलेला कापूस' असं आपण नामाच्या आधी कितीही रचत गेलो तरी ऐकणारा निवांत असतो. फ्रेंच वाचकाला कर्ता दिसला की क्रियापद जवळपास हवं असतं. शिवाय फ्रेंच संबंधी सर्वनाम ज्या नामाबद्दल बोलतं त्याला सहसा खेटून उभं राहतं. मराठीत 'जो' इथे आणि 'तो' तिथे असं अंतर ठेवता येतं, जोडी जुळते. फ्रेंचमध्ये अशी जोडी नाही, त्यामुळे नामाला लटकलेलं गौण वाक्य नाम आणि क्रियापद यांच्या मध्येच घुसतं. त्याच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. भाचीचं वाक्य फ्रेंच शब्दांचं होतं, पण त्याची सहनशक्ती मराठी होती.

आता मैत्रिणीच्या पहिल्या उत्तराकडे. सगळा माल खराब, असं तिला का वाटलं? 'दों उन पार्ती', म्हणजे 'ज्याचा काही भाग', हे वाक्यात स्पष्ट आहे. पण ते आहे गौण वाक्यात. खोडात कर्ता 'कापूस' आहे, 'काही भाग' नाही. रंग कमी पांढरा आहे तो कापसाचा, म्हणजे सगळ्याचाच. व्याकरण इथे भाचीच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

"पण किती गाठी खराब हायेत?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं! वाक्यात 'काही भाग' म्हणून भागलं होतं, त्यामुळे विचारायची वेळच आली नव्हती. जिनिंगवाल्या काकाजींना फोन लावला. ते म्हणाले, "पावसातल्या वेच्याच्या वीस गाठी हायेत, बाप्पा. मी त्या येगळ्याच लावल्या होत्या. बाकी ऐंशी पयल्या वेच्याच्या, त्याले काही झालं नाही." शंभरातल्या वीस. आपल्याकडे रुईची गाठ साधारण 170 किलोची धरतात, म्हणजे सतरा टनांतला साडेतीन टनांहून कमी माल. उरलेल्या साडेतेरा टनांवर भाचीच्या वाक्याने फुकटचा ठपका ठेवला असता.

गुंतागुंतीच्या वाक्याबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. ते वाचायला अवघड जातं, हे झालंच. पण त्याआधी ते लिहिणाऱ्याला न ठरवलेल्या गोष्टी झाकून ठेवू देतं. सुटं वाक्य करायला घेतलं की कर्त्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, आणि 'किती?' हा प्रश्न टळत नाही.

दुसरं उत्तर जास्त धोक्याचं होतं: माल ओला आहे. कापूस घेणाऱ्याला रंगापेक्षाही ओलाव्याची भीती. ओल्या गाठीत बुरशी धरते, गाठ आतून तापते. आपल्या खरेदी केंद्रावरही आधी मीटर खुपसून ओलावाच पाहतात. सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, मोजमाप आठ टक्क्यांचं, बारा टक्क्यांपर्यंत दर कापून घेतात, त्यावर गेला की गाडी परत. आमच्या वीस गाठी तर कोरड्या होत्या, मग मैत्रिणीला त्या ओल्या का वाटल्या?

'ब्यॅं क' म्हणजे 'जरी'. ते 'ज्यामुळे त्याचा ओलावा वाढला' याच्या लगेच पुढे बसलं होतं. भाचीला म्हणायचं होतं: वाळवला तरी रंग कमी पांढरा राहिला. वाचणाऱ्याने जवळचं धरलं: वाळवला तरी ओलावा वाढला. दोन्ही अर्थ व्याकरणाने शक्य आहेत. स्वल्पविराम दोन्हीकडे आहेत, ते काहीच सांगत नाहीत. गौण वाक्य कुठल्या खोडाला जोडायचं हे वाचणारा अंतरावरून ठरवतो, आणि खोड तर अजून आलेलंच नव्हतं.

त्याच तुकड्यात आणखी एक गंमत लपली होती, फ्रेंच शिकवणाऱ्यांना ती आवडेल. 'नू लेयों फे सेशे' मधला 'तो' म्हणजे कोण? सगळा कापूस, की भिजलेला भाग? 'कोतों' पुल्लिंगी, 'पार्ती' स्त्रीलिंगी. एरवी फ्रेंच लिंगावरून सांगते. पण इथे सर्वनामापुढे स्वर आल्यामुळे त्याचा स्वर गळून नुसता 'ल्' उरलाय, 'ल' की 'ला' ते कळायची सोय नाही. कर्म आधी आलं की क्रियापदाच्या रूपाला लिंगाची खूण लागायला हवी, तिथून कळेल म्हणावं, तर 'फेर'पुढे दुसरं क्रियापद आलं की ते रूप बदलतच नाही, 'फे'चं 'फे'च राहतं. आणि 'सों-न्युमिदिते' मधला 'त्याचा' मालकाचं लिंग सांगतच नाही, तो चालतो ओलाव्याच्या शब्दाप्रमाणे. म्हणजे तीन जागी फ्रेंचला खूण करता आली असती, आणि तिन्ही जागी ती नेमकी गप्प होती. अशा वेळी सर्वनाम काढून नाम परत लिहायचं. शाळेत आपल्याला एकच नाम पुन्हा पुन्हा लिहू नये असं शिकवतात, फ्रेंच शाळेत तर ते जरा जास्तच शिकवतात. पत्रात 'गाठी' हा शब्द चारदा आला म्हणून कोणाचं नुकसान होत नाही.

या सगळ्यावर भाचीने केलं ते बहुतेक जण करतात. ती आत गेली आणि अर्ध्या तासात वाक्य कापून आणलं. आठ वाक्यं. आम्ही जानेवारीत कापूस पाठवला. नोव्हेंबरअखेर पाऊस पडला. बोंडं फुटलेली होती. कापसाचा ओलावा वाढला. आम्ही तो वाळवला. रंग कमी पांढरा आहे. आम्ही किमतीत सूट देऊ करतो. उरलेला माल स्वीकारा.

"आता तं सोपं झालं ना?"

सोपं झालं, पण पत्र राहिलं नाही. पाऊस आणि रंग यांचा संबंध वाचणाऱ्याने जुळवायचा. वाळवल्याने काय साधलं, तेही त्यानेच ओळखायचं. शेवटची दोन वाक्यं तर पाहूनच मला घाम फुटला. 'नू वू प्रोपोझों उन रेद्युक्सियों द प्री', पूर्णविराम. म्हणजे सूट दिली. बिनशर्त, लेखी दिली. पुढचं वाक्य 'आक्सेप्ते ल रेस्त', ही विनंतीही नाही, हुकूम आहे. खरेदीदार पहिलं वाक्य ठेवून घेईल आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करील. अट आणि जिला अट आहे ती गोष्ट, यांच्यामध्ये पूर्णविराम टाकायचा नाही, हा नियम मी जवळजवळ अपवाद न करता पाळते. इतर गौण वाक्यं सुटी करता येतात. अटीचं गौण वाक्य सुटं केलं की ते अट उरत नाही.

तोडताना आणखी एक खोड नव्या लोकांना लागते. जुन्या वाक्यात जिथे स्वल्पविराम होता तिथे नुसता पूर्णविराम द्यायचा आणि पुढचं अक्षर मोठं करायचं: 'स की आ ओग्मांते सों-न्युमिदिते.' हे वाक्य नव्हे, वाक्याचा तुटलेला हात आहे. जाहिरातीत चालतं, व्यापारी पत्रात नाही. 'स की'च्या जागी 'सला' म्हणजे 'हे' घालता येतं, पण 'हे' म्हणजे नेमकं काय, ते पुन्हा धूसर. त्यापेक्षा आधीच्या वाक्याचं एका नामात गाठोडं बांधायचं: 'सेत-युमिदिते', हा ओलावा. 'स रतार', हा उशीर. फ्रेंच लोक ही युक्ती सारखी वापरतात आणि तिने वाक्यं सुटी असूनही हातात हात राहतात.

मग आम्ही पहिल्यापासून बसलो. वाक्याला हात न लावता आधी घटना लिहिल्या, ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने: नमुना मंजूर, पहिला वेचा, पाऊस, दुसरा वेचा, वाळवण, जिनिंग, रवानगी, तक्रार. पुढे दुसऱ्या कागदावर खरेदीदाराला ज्या क्रमाने हवं त्या क्रमाने: किती माल, का झालं, आता काय करायचं. दोन क्रम वेगळे निघाले, आणि गुंत्याचं एक मूळ तिथेच होतं. भाची घडल्याच्या क्रमाने आठवत होती आणि सांगण्याच्या क्रमाने सुरुवात करत होती. 'कापूस' म्हणून सुरू केलं की पाऊस मागून येऊन मध्येच घुसायचा.

तीन मुद्दे, तीन वाक्यं.

पहिलं: "व्हॅं दे सां बाल एक्सपेदिए आं जांव्हिए सों म्वॅं ब्लांश क लेशांतियों क वू-झाव्हे आप्रुव्हे." जानेवारीत पाठवलेल्या शंभर गाठींपैकी वीस गाठी तुम्ही मंजूर केलेल्या नमुन्यापेक्षा कमी पांढऱ्या आहेत. कर्ता आता वीस गाठी. 'जो आम्ही तुम्हाला पाठवला' हे अख्खं गौण वाक्य 'एक्सपेदिए', 'पाठवलेल्या', या एका शब्दात मावलं. अशी धातुसाधितं फ्रेंचमध्येही असतात आणि मराठी माणसाला ती सोपी जायला हवीत, तरी आपण 'की' आणि 'क'च्या मागे लागतो, कारण वर्गात त्यांचेच धडे जास्त झालेले असतात. 'जो नमुना तुम्ही मंजूर केला' हे गौण वाक्य मात्र मी राहू दिलं. ते छोटं आहे, वाक्याच्या टोकाला आहे, कोणाच्या वाटेत येत नाही. आणि नमुना मंजूर त्यांनीच केला होता, ही आठवण राहिलेली बरी.

दुसरं: "ले प्लुई द फॅं नोव्हांब्र ओं तेर्नी ला फिब्र दां ले काप्स्युल देजा उव्हेर्त; ल सेशाज आव्हां लेग्रनाज आ एलिमिने लेक्से द्युमिदिते, मे इल ना पा रांद्यु ओ कोतों सा ब्लांशर." नोव्हेंबरअखेरच्या पावसाने फुटलेल्या बोंडांतल्या धाग्याचा रंग मळला, जिनिंगआधीच्या वाळवणीने जादा ओलावा गेला, पण कापसाचा पांढरेपणा परत आला नाही.

या वाक्यावर आमचा सर्वात जास्त वेळ गेला. जुन्या वाक्यात कारणांची साखळी होती: पाऊस, त्याने ओलावा, त्याने (बहुधा) रंग. काकाजींना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ओलं असलं म्हणून रंग जात नाही. फुटलेलं बोंड भिजून तसंच पऱ्हाटीवर राहतं, त्याच्यावर बारीक बुरशी येते, तेव्हा रुई मळकट पडते, मग कितीही वाळवा. म्हणजे ओलावा गेला आणि रंग राहिला, या दोन वेगळ्या कहाण्या होत्या, आणि 'ज्यामुळे'ने त्या एकाच दोरीत ओवल्या होत्या. नव्या वाक्यात 'मे', 'पण', दोघांच्या मधोमध उभा आहे. 'ब्यॅं क'ची गरज संपली, त्याबरोबर स्युब्जोंक्तिफही गेलं. भाचीला त्याचं थोडं वाईट वाटलं. मेहनतीने शिकलेलं रूप कोणाला सोडवतं?

काकाजींकडे गाठी बांधतानाची ओलाव्याची नोंद होती. ती पत्राला जोडायची ठरली. 'जादा ओलावा गेला' हे आपण म्हणून उपयोग नाही, आकडा दाखवला की पुरे.

अर्धविरामाबद्दल एक शब्द. खरं तर तिथे पूर्णविराम देऊन चार वाक्यं करता आली असती. मी नाही केली, कारण वाळवण हे पावसाचंच उत्तर आहे आणि ती दोन्ही एका श्वासात वाचली जावीत. फ्रेंचमध्ये अर्धविराम अजून जिवंत आहे. मराठीत आपण तो जवळजवळ टाकून दिला, याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

तिसरं: "नू वू प्रोपोझों दोंक उन रेद्युक्सियों द प्री स्युर से व्हॅं बाल, आ कोंदिसियों क वू-झाक्सेप्तिए ले कात्र-व्हॅं-झोत्र ओ प्री कोंव्हन्यु." म्हणून या वीस गाठींच्या किमतीत आम्ही सूट देऊ करतो, मात्र उरलेल्या ऐंशी तुम्ही ठरलेल्या भावाने घ्याव्यात. 'रेझों पूर लाकेल' या तीन पायांच्या शब्दाऐवजी 'दोंक'. 'उरलेला माल' कुठला, याचा घोळ होता, तिथे ऐंशी आल्या. सूट वीसवरच, भाव ठरलेलाच, आणि अट त्याच वाक्यात. मूळ वाक्यातला हा मुख्य निरोप, पण तो एका शेपटीच्या शेपटीत गेला होता. आता त्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद मिळालं.

नव्या मजकुराचे शब्द मोजले तर तेही सत्तरच्या आसपास भरले. म्हणजे फारसं कमी काहीच झालं नव्हतं. लोक म्हणतात थोडक्यात लिहा, आणि मग ज्याने अर्थ धरलेला असतो तेच शब्द कापतात. इथे जागा तेवढीच लागली, पण जुन्या वाक्यात नसलेले वीस आणि ऐंशी हे आकडे त्यात आले, आणि कुठलंही क्रियापद आपल्या कर्त्यापासून फार लांब राहिलं नाही.

भाचीने मात्र एक हरकत घेतली, आणि ती रास्त होती. "फ्रेंच लोकं तं स्वतःच एवढाली वाक्यं लिहितात. त्यायच्या कोर्टाचे निकाल पाह्य."

तिचं बरोबर आहे, किंवा परवापरवापर्यंत बरोबर होतं. कुर द कासासियों, म्हणजे फ्रान्सचं सर्वोच्च अपील न्यायालय, आपला निकाल पिढ्यानपिढ्या एकाच वाक्यात लिहीत असे. प्रत्येक परिच्छेद 'आतांद्यु क', 'ज्याअर्थी', ने सुरू व्हायचा आणि मुख्य क्रियापद शेवटाला यायचं. ऑक्टोबर 2019 पासून त्यांनी ते सोडलं आणि साध्या, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत लिहायला लागले. कोंसेय देता या प्रशासकीय न्यायालयानेही त्याच वर्षाच्या जानेवारीपासून 'कोंसिदेरां क'ची साखळी टाकली. न्यायाधीशांना ती साखळी प्रिय होती, तिच्यात एक प्रकारचा तर्काचा दिमाख होता, हेही मान्य. ज्यांच्याबद्दल निकाल आहे त्यांना तो वाचता यावा, म्हणून बदललं.

तरी सगळंच मोडायला निघू नये. पत्राच्या शेवटी फ्रेंच लोक निरोपाचं जे लांबलचक, वाकून नमस्कार करणारं वाक्य लिहितात, 'नू वू प्रियों दाग्रेए' वगैरे, ते भाचीने उत्साहाच्या भरात दोन तुकडे करून आणलं. मी तिला ते होतं तसं जोडायला लावलं. ते कोणी वाचत नाही, नसलं की मात्र लक्षात येतं.

नव्या तीन वाक्यांची परीक्षा कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न होता. त्या मैत्रिणीला आता गोष्ट माहीत झाली होती. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीला पाठवलं, तेच तीन प्रश्न. वीस गाठी. ओल्या नाहीत, रंग गेलाय. बाकीच्या ऐंशी घेतल्या तर या वीसवर सूट. शेवटी तिने आपणहून एक ओळ जोडली होती: "पण सूट किती?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पाऊणशे शब्दांच्या वाक्यात हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. गटाच्या बैठकीत यावर बोलणं झालंच नव्हतं, 'थोडीफार सूट देऊ' एवढ्यावर सगळे उठले होते. भाचीने 'रेद्युक्सियों द' पुढे जागा मोकळी सोडली आणि अध्यक्षांना फोन लावला. ते शेतात होते. म्हणाले, संध्याकाळी सगळ्यायले बोलावतो, आकडा ठरवल्याबिगर पत्र धाडू नोको.